पाचशे तीनातून दोनशे अठ्ठ्याहत्तर

बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालो, आता संध्याकाळी शेजारच्या दोन-तीन मुलांची गणितं घेतो. वेळ पाऊण तास, गणितं फक्त तीन. जास्त दिली की मुलं उरकायला लागतात आणि मलाही वही नीट बघता येत नाही.

परवा चौथीतल्या मुलानं ५०३ – २७८ चं उत्तर ३७५ काढलं. फुली न मारता ‘कसं केलंस?’ विचारलं. ‘आजोबा, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन घालवले.’ शून्य आणि सातचंही तेच. पहिलीत ‘मोठ्यातून लहान वजा कर’ असं घोकलेलं असतं, ते मूल एकेका घरात लावत सुटतं.

या गणिताचं बरं असं, की चुकीचं उत्तरच रोग सांगतं. २३५ आलं, तर मुलानं शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाचे नऊ करायला विसरला. १३५ आलं, तर त्यानं शतकातून थेट एककाकडे उडी मारली, म्हणजे शंभराची नोट मोडून दहाच रुपये घेतले, आणि दशकासाठी आणखी एक शतक मोडलं. अशा गिऱ्हाइकाला काउंटरवरून हलू द्यायचं नसतं!

मग पाटावर खऱ्या नोटा मांडल्या: शंभराच्या पाच, रुपयाची तीन नाणी, मधली जागा रिकामी. ‘यातून मला दोनशे अठ्ठ्याहत्तर दे.’ आठ सुटे नाहीत. दहाची नोटही नाही. बराच वेळ तो नुसता बघत बसला. इथे आपण तोंड उघडायचं नाही, हे सगळ्यात अवघड. शेवटी शंभराची एक नोट पुढे करून म्हणाला, ‘ही मोडून द्या.’ मी दहाच्या दहा नोटा दिल्या. त्यातली एक मोडून त्यानं दहा नाणी घेतली. आता पाटावर ४ शतक, ९ दशक, १३ एकक. प्रत्येक मोडीनंतर वहीत तेवढाच आकडा खोडायला लावला. सगळ्या नोटा आधी मोडून वही शेवटी असं केलं, की दोन्हींचा संबंध तुटतो. उत्तर २२५. ताळा म्हणून २२५ मध्ये २७८ मिळवून पुन्हा ५०३ आले.

तेरातून आठ बोटांवर मोजावे लागत असतील, तर मात्र नोटा आवरून आधी वीसच्या आतल्या वजाबाक्या पक्क्या कराव्यात.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ६२० – ३४५ दिलं. पठ्ठ्यानं एककातल्या शून्याचे सवयीनं नऊ केले. म्हटलं, ‘हे नऊ रुपये कुठून आले, मांडून दाखव.’ पहिली दहाची नोट मोडल्यावरच त्यानं स्वतःहून रबर मागितलं.