रॉड शाबूत, टाकी सडलेली

वसतिगृहाच्या काळजीवाहू काकांचा फोन आला तेव्हा तक्रार साधीच होती. दोन गीझरपैकी एक खालून ठिबकतोय आणि सकाळी पहिलं पाणी तांबूस येतंय. दोन्ही शंभर लिटरचे, उभे, एकाच बनावटीचे, पाच वर्षांपूर्वी एकाच वेळी बसवलेले. दोघांनाही एकाच सॉफ्टनरमधून पाणी. तरीही एक गळतोय आणि दुसऱ्याची काही तक्रार नाही, हे ऐकूनच मला दोन्ही उघडून बघायची इच्छा झाली.

पोचल्यावर आधी गळक्या गीझरची वीज मुख्य स्विचवरून बंद केली आणि खालचं झाकण काढलं. अशा गीझरच्या तळाशी एक गोल लोखंडी फ्लँज असते. तिच्यावर कॉईल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड, तिन्ही बसवलेले असतात. पाण्याचे थेंब फ्लँजच्या गॅस्केटमधून येत असते तर काम अर्ध्या तासाचं होतं. पण गॅस्केट कोरडं होतं. पाणी टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधल्या फोममधून झिरपत होतं, म्हणजे टाकीलाच भोक पडलं होतं.

फ्लँजकडे बघताना मला एक वायर दिसली. दोन इंच लांब, टोकाला गोल लग असलेली. एक टोक मॅग्नेशियम रॉडच्या बोल्टवर घट्ट होतं, दुसरं मोकळं लोंबकळत होतं. ते टोक फ्लँजवरच्या अर्थिंगच्या स्क्रूला असायला हवं होतं. काकांना विचारलं, "हा गीझर आधी कोणी उघडला होता का?"

"हो, पहिल्याच वर्षी कॉईल जळली होती. एक जण येऊन बदलून गेला. त्यानंतर कोणी हात लावला नाही."

कॉईल बदलताना वायर सोडावी लागते. सोडली, आणि परत लावायची राहिली. पाणी गरम होत होतं, करंट लागत नव्हता, त्यामुळे कोणाला काही कळण्याचं कारणच नव्हतं.

टाकी अजून भरलेली होती, म्हणून रिकामी करण्याआधी मी मल्टिमीटर काढला. आधी व्होल्टवर ठेवून एक टोक रॉडच्या बोल्टला आणि दुसरं फ्लँजला लावलं. वीज पूर्ण बंद असतानाही मीटरने ०.८ व्होल्ट दाखवले. काका म्हणाले, "बंद आहे ना? मग करंट कुठून?" तो या दोन धातूंमधूनच येत होता. मॅग्नेशियम आणि लोखंड एकाच पाण्यात बुडले की त्यांची बॅटरी तयार होते. मग मीटर मिलिअँपिअरवर घेऊन त्या तुटलेल्या जोडाच्या मध्ये ठेवला. चौदा मिलिअँपिअर. रॉड काम करायला तयार होता, फक्त त्याला टाकीपर्यंत वाट नव्हती.

टाकी रिकामी करून फ्लँज उतरवली. रॉड बाहेर आला तो करड्या-पांढऱ्या थराखाली जवळपास पूर्ण जाडीचा. नवीन असताना २२ मिलिमीटर, कॅलिपरने मोजला तर २० भरला. एवढी झीज तर मॅग्नेशियमची नुसतं पाण्यात राहूनही होते. टॉर्च आत घातला तेव्हा मात्र तळाच्या घुमटाच्या वेल्डवर गंजाच्या गाठी दिसल्या. एक गाठ स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच खरवडली आणि खाली चमकदार खड्डा निघाला. त्याच्याच शेजारी आरपार गेलेलं भोक होतं.

काकांनी रॉड हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला. "हा तर चांगलाच आहे की. मग टाकी कशी गेली?"

रॉड चांगला राहिला म्हणूनच टाकी गेली, असं मी त्यांना सांगितलं. टाकी लोखंडाची असते आणि आतून काचेचा मुलामा दिलेला असतो. तो मुलामा भट्टीत भाजून चिकटवतात. पण वेल्डच्या कडेला, नळ्यांच्या तोंडाशी, फ्लँजच्या गळ्याशी तो कधीच अखंड बसत नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या उघड्या जागा राहतातच. गरम पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन नेमका तिथे लोखंड खातात. जागा लहान असल्यामुळे सगळा मारा तिच्यावर एकवटतो आणि भोक सरळ आत जातं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायला कितीतरी अधिक उत्सुक असतं. वायर जोडलेली असेल तर मॅग्नेशियम विरघळतं, त्याचे इलेक्ट्रॉन वायरमधून टाकीच्या लोखंडाकडे जातात आणि पाण्यातून आयनांच्या रूपाने हे वर्तुळ पूर्ण होतं. लोखंडाला इलेक्ट्रॉन बाहेरून मिळत राहिले की त्याला स्वतः विरघळावं लागत नाही. वर्तुळ एका जागी तुटलं की सगळं थांबतं, आणि दोन्ही धातू आपापल्या वाटेने गंजतात. या गीझरमध्ये रॉड टाकीपासून प्लॅस्टिकच्या वॉशरने वेगळा ठेवलेला होता, त्यामुळे ती वायर हाच एकमेव रस्ता होता. ज्या गीझरमध्ये रॉड थेट टाकीच्या आट्यांत आवळतात, तिथे आटेच हे काम करतात. मात्र तिथेही रॉड लावल्यावर रॉड आणि टाकी यांच्यातला रेझिस्टन्स मोजावा, तो एका ओहमच्या आत यायला हवा.

ही कल्पना नवी नाही. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले होते. गीझरमध्ये तेच तत्त्व आहे, फक्त इथे वाचवायचं ते लोखंड.

"मग आता वायर लावली तर गळणं थांबेल?" काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. उत्तर नाही असं होतं. पडलेलं भोक रॉड बुजवत नाही, तो फक्त पुढचा गंज थांबवतो. आत काचेचा मुलामा असलेली टाकी वेल्ड करता येत नाही, कारण उष्णतेने आजूबाजूचा मुलामा तडकतो आणि नव्या उघड्या जागा तयार होतात. हा गीझर बदलावाच लागणार होता. चौदा मिलिअँपिअर एवढा मोठा आकडा येण्याचं कारणही हेच होतं. उघडं लोखंड जितकं जास्त, तितका रॉडमधून ओढला जाणारा करंट जास्त.

आता दुसरा गीझर. झाकण काढल्यावर वायर जागेवर होती. ती अर्थिंगच्या स्क्रूवरून सोडून मध्ये मीटर घातला. ०.१ मिलिअँपिअर. हा आकडा ०.३ च्या खाली गेला की मी रॉड काढून बघतोच. फ्लँज उतरवली तर आत रॉड म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बोल्टपाशी अंगठ्याएवढा खडबडीत तुकडा आणि त्यापुढे हातभर उघडी लोखंडी तार. मॅग्नेशियम याच तारेभोवती ओतलेलं असतं. काकांच्या चेहऱ्यावर काळजी आली, पण मी टॉर्च आत घालून त्यांनाच बघायला सांगितलं. मुलाम्याची चमक शाबूत, वेल्डवर तुरळक काळपट ठिपके, गाठ एकही नाही.

काका म्हणाले, "म्हणजे इथे खराब रॉडवाला गीझर चांगला आणि चांगल्या रॉडवाला खराब." एक रॉड झिजून कामी आला होता आणि दुसरा नुसता लटकत होता. अनेक घरांत उघडून बघणारा माणूस जाड रॉड पाहून खूश होतो आणि तसाच परत बसवतो. चार-पाच वर्षं जुना रॉड जाडच्या जाड निघाला तर मी आधी जोडणी तपासतो आणि मग त्यावरचा थर. कठीण पाण्यात क्षारांचं कवच रॉडवर इतकं घट्ट बसतं की आतलं मॅग्नेशियम पाण्याला भेटतच नाही. तेव्हाही करंट कमी होतो. फक्त मीटर बघून रॉड संपलाय की झाकला गेलाय हे ओळखता येत नाही, त्यासाठी बाहेर काढून बघावंच लागतं.

दुसऱ्या गीझरची टाकी वाचली होती, पण फार वेळ हातात नव्हता. रॉड संपल्यावर ठिपक्यांच्या गाठी व्हायला सुरुवात होते. तळाशी साठलेला क्षारांचा गाळ काढला, गॅस्केट नवीन घेतलं (जुनं गॅस्केट परत बसवून मी कधीच निघत नाही), आणि त्याच लांबीचा, त्याच बोल्टचा रॉड लावला. प्लॅस्टिकचे वॉशर जसेच्या तसे ठेवले, वायर आवळली. पाणी पूर्ण भरून, नळातून हवा जाऊ दिल्यावर वीज लावण्याआधी परत मीटर मध्ये घातला. सुरुवातीला नऊ मिलिअँपिअर, थोड्या वेळाने सहावर स्थिरावलं. हे उतरणं अपेक्षितच असतं, कारण लोखंडाचा पृष्ठभाग सुरक्षित होत जातो तशी त्याची ओढ कमी होते.

मग काकांना हिशेब करून दाखवला. गीझरच्या पाण्यात मॅग्नेशियमची जवळपास अर्धी ताकद स्वतःच्याच गंजण्यात वाया जाते. ते धरून एक मिलिअँपिअर वर्षभर चालला तर साधारण आठ ग्रॅम धातू जातो. सहा मिलिअँपिअर म्हणजे वर्षाला पन्नासेक ग्रॅम. रॉड अडीचशे ग्रॅमचा. एक तृतीयांश उरायच्या आत बदलायचा म्हटलं तर हाताशी साडेतीन वर्षं आहेत. आधीचा रॉड पाच वर्षांत संपला, हे त्याच्याशी जुळतं. पण हा आकडा सगळ्या गीझरांना लागू नाही. सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम असतं, संरक्षक थर बसत नाही, म्हणून तिथे रॉड लवकर जातो आणि पाहणी दर वर्षी हवी. वापर जास्त आणि तापमान चढं असेल तरी तसंच. डोळ्यांनी ठरवायचं तर मध्यभागी जाडी निम्म्यावर आली किंवा वीतभर तार उघडी पडली की रॉड बदलावा.

निघताना काकांनी विचारलं, "गरम पाण्याला कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, तोही यामुळेच का?" हो, बरेचदा यामुळेच. पाण्यात सल्फेट खाणारे जिवाणू असले की मॅग्नेशियममुळे तयार होणारा हायड्रोजन त्यांना पोसतो आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वैतागून काही जण रॉडच काढून टाकतात, तेव्हा वास जातो आणि टाकीही जायला लागते. त्यापेक्षा टाकी जंतुमुक्त करून ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड लावणं बरं.

गळका गीझर काढून नवीन बसवला तेव्हा पहिलं काम त्याची वायर तपासण्याचं केलं. ती लागलेली होती, मीटरवर पाच मिलिअँपिअर आले. दोन्ही गीझरच्या झाकणाच्या आत मी तारीख आणि आकडा लिहून ठेवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गीझरचा आकडा पाच आला, नव्याचा साडेचार. दोन्ही झाकणं परत लावली, रॉड उघडायची गरज पडली नाही.