दहा मिनिटं उभं राहून

"बीपी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, मग उभं राहिलं की तुला होतं तरी काय?" घरचे विचारायचे.

ते दोन्ही मी आडवी किंवा बसलेली असताना काढलेलं होतं. उभं राहिल्यावर माझी नाडी कुणी मोजलीच नव्हती. "टेन्शन घेऊ नका" असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि मी दोन वर्षं तेच खरं मानलं, याचा मला आजही राग येतो.

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला दहा मिनिटं शांत झोपवून ठेवलं. नाडी ७४, बीपी ११०/७०. "आता उभ्या राहा, भिंतीला टेकू नका, पाय हलवू नका." पहिल्या मिनिटाला नाडी ९८. तिसऱ्याला १०८. पाचव्याला ११४, आणि डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बाई म्हणाल्या, "बसावंसं वाटलं तर लगेच बसा." मी नाही बसले, मला आकडा हवा होता. खाली पाहिलं तर पावलं जांभळट झालेली. दहाव्या मिनिटाला नाडी १२०, बीपी १०८/७४. बसल्यावर मी रडले. भीतीनं नाही, कागदावर काहीतरी उमटलं म्हणून.

उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. शिरा आवळतात, नाडी दहा-वीसनं वाढते, भागतं. उठल्याउठल्या क्षणभर होणारी धडधड यात धरायची नाही. मोठ्या माणसात नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली, बीपी पडलं नाही आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या आजाराचा, विचार करतात. किशोरवयात हा आकडा ४० धरतात. तीन मिनिटांत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं पडलं, तर ती गोष्ट वेगळी: पाणी कमी पडलंय, रक्तस्राव होतोय, की एखादं औषध नडतंय, हे बघावं लागतं. बीपी पडूनही नाडी फारशी वाढली नाही, तर शंका मज्जातंतूंवर जाते.

पण नुसत्या आकड्यावरून नाव द्यायचं नाही, हे बाईंनी बजावलं. माझं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पाळीत खूप रक्त जायचं, ते मी कधी सांगितलंच नव्हतं. अॅनिमियातही नाडी अशीच उडते, थायरॉईडचं काम वाढल्यावरही. चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन १२.३ वर आलं. पुन्हा चाचणी केली, तर नाडीची वाढ ४६ वरून ३३ वर आलेली.

म्हणजे अॅनिमिया हे कारण होतं, पण सगळं नव्हे. की तेवढ्या काळात मी अंथरूण धरल्यामुळे शरीर ढिलं पडलं? मला वाटतं पॉट्स आहे. बाई म्हणतात, अजून तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. तोवर पाणी वाढवलंय, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे घालते, आणि पोळ्या स्टुलावर बसून लाटते.