रात्रीचे पावणेनऊ की पहाटेचे सव्वादोन

ओझरजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसची वेबसाइट माझ्याकडे देखभालीला आहे. फेब्रुवारीत माल निघत असतो आणि खरेदीदार साइटवरूनच प्रमाणपत्रांच्या आणि तपासणी अहवालांच्या पीडीएफ उतरवून घेतात. १२ फेब्रुवारीला सकाळी सव्वासातला तिथल्या अण्णांचा फोन आला, "ताई, साइट उघडत नाही हो. कसलं तरी इंग्रजी पान येतंय."

पानावर `Account Suspended` लिहिलेलं होतं. हे पान दिसणं म्हणजे निम्मं निदान झालेलं असतं. डोमेन नोंदणीच्या पातळीवर अडकलं असतं, तर पत्ताच सापडला नसता आणि डोमेनच्या हूइज या सार्वजनिक नोंदीत `clientHold` किंवा `serverHold` दिसलं असतं. इथे नाव सर्व्हरपर्यंत नीट पोहोचत होतं. म्हणजे डोमेन शाबूत होतं आणि होस्टिंगवाल्यांनी खातं बंद केलं होतं. त्याची नेहमीची कारणं तीन-चारच: थकलेलं बिल, मालवेअर किंवा स्पॅम, सर्व्हरवर पडणारा जादा ताण, नाहीतर कुणाची तक्रार. बिल ३ तारखेलाच भरलेलं होतं.

कारण कळवणारी नोटीस कुठे गेली, हा पुढचा प्रश्न होता. होस्टिंगच्या खात्यात संपर्काचा ईमेल म्हणून त्याच डोमेनवरचा पत्ता टाकलेला होता. खातं बंद झालं तशी ती पेटीही बंद झाली आणि नोटीस तिच्यातच पडून राहिली. बिलिंगचं पोर्टल मात्र साइट आणि मेल सांभाळायच्या सीपॅनेलपासून वेगळं असतं आणि खातं बंद असतानाही बहुधा उघडतं. तिथे पाठवलेल्या ईमेलच्या यादीत नोटीस सापडली. खात्यातून स्पॅम गेल्याचं तिच्यात लिहिलं होतं आणि सुरुवातीची वेळ होती `11 Feb 20:43`.

ते वाचल्यावर अण्णा एकदम गप्प झाले. आदल्या रात्री पावणेनऊच्या सुमारासच त्यांच्या ऑफिसातून १४० व्यापाऱ्यांना दरपत्रकाचा मेल गेला होता. "आपलीच चूक झाली ताई. माफी मागून टाका आणि लवकर चालू करून घ्या." त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने साडेसातलाच एक मेल धाडूनही दिला होता: साइट बंद आहे, अर्जंट आहे, सीझन चालू आहे. त्यात खात्याचं नाव नव्हतं, डोमेन नव्हतं, आणि तो पाठवला होता स्वतःच्या जीमेलवरून. असा मेल हाती आला की सपोर्टवाल्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: तुम्ही कोण आणि खातं कुठलं? त्यात दोन-तीन तास जातात.

माफीचा मेल मी थांबवला. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आहेत. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ११ तारखेचे २०:४३ हे आपल्याकडे १२ तारखेच्या पहाटेचे २ वाजून १३ मिनिटं. दरपत्रक गेलं रात्री पावणेनऊला, यूटीसीत दुपारी सव्वातीनला. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर होतं, आणि पहाटे सव्वादोनला पॅकहाउसच्या ऑफिसात कुणी नव्हतं.

न केलेली चूक कबूल केल्याने नुकसान होतं. दरपत्रकामुळे झालं असं आपण लिहिलं असतं, तर पुन्हा असं करू नका म्हणून त्यांनी खातं उघडलं असतं. स्पॅम पाठवणारी फाइल तिथेच राहिली असती आणि दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू झाली असती. दुसऱ्यांदा बंद झालेलं खातं उघडायला कुठलाही होस्ट सहज तयार होत नाही.

९ वाजून ४० मिनिटांनी मी पोर्टलमधूनच, त्याच नोटिशीच्या तिकिटाला उत्तर दिलं. मूळ मेल इंग्रजीत होता. त्यातली ओळख पटवणारी माहिती बदलून मजकूर मराठीत देते:

> विषय: बंद केलेलं खातं `grapes01`, `example.in`: स्पॅमचा उगम शोधण्यासाठी मर्यादित प्रवेश हवा आहे
>
> खातं: मुख्य डोमेन `example.in`, सीपॅनेलचं नाव `grapes01`. शेवटचं बिल ३ फेब्रुवारीला भरलं आहे. या डोमेनवरची पेटी बंद असल्यामुळे उत्तर याच तिकिटात द्यावं.
>
> घटनाक्रम (सर्व वेळा भारतीय, कंसात यूटीसी):
> ११ फेब्रु. २०:४५ (१५:१५): ऑफिसच्या मेल प्रोग्रामातून १४० ग्राहकांना दरपत्रक.
> ११ फेब्रु. २२:४० (१७:१०): साइटवरच्या फॉर्ममधून शेवटची चौकशी आली. तोवर साइट चालू होती.
> १२ फेब्रु. ०२:१३ (११ फेब्रु. २०:४३): तुमच्या नोटिशीप्रमाणे स्पॅमची सुरुवात.
> १२ फेब्रु. ०४:५० (११ फेब्रु. २३:२०): खातं बंद.
>
> आतापर्यंत केलेलं: दोन वेगळ्या इंटरनेट जोडण्यांवरून साइट तपासली, दोन्हीकडे तेच पान येतं. डोमेनवर होल्ड नाही. ऑफिसचे दोन्ही संगणक अँटिव्हायरसने तपासले, काही सापडलं नाही. मेल पेट्यांचे आणि वर्डप्रेसचे पासवर्ड बदलता आलेले नाहीत, कारण प्रवेश बंद आहे. नेमसर्व्हर बदललेले नाहीत.
>
> विनंती: (१) स्पॅमच्या एका मेलचे संपूर्ण हेडर द्यावेत. (२) साइट लोकांसाठी बंदच ठेवून `203.0.113.25` या एकाच आयपीवरून सीपॅनेल आणि एसएसएच उघडावं. (३) रांगेत अडकलेले मेल खातं उघडण्यापूर्वी काढून टाकावेत.

दरपत्रकाची ओळ मुद्दाम ठेवली होती. लपवली असती आणि त्यांना लॉगमध्ये दिसली असती, तर बाकीच्या ओळींवरचाही विश्वास गेला असता. जे करता आलं नाही तेही लिहिलं, कारण सपोर्टवाला नाहीतर तेच करायला सांगतो. नेमसर्व्हरचा उल्लेखही कामाचा होता, कारण डोमेनची साइट आणि मेल कुठे जायचे ते नेमसर्व्हरवरच्या नोंदी ठरवतात. अण्णांच्या भाच्याने सकाळीच सुचवलं होतं की दुसरीकडे होस्टिंग घेऊन नेमसर्व्हर फिरवू. फायलींची प्रत हातात नसताना तसं केलं तर नव्या जागी रिकामी साइट उघडते, आणि मेलच्या नोंदी तिथे नव्याने भरल्या नाहीत तर येणारे मेलही चुकतात. पासवर्ड मात्र मेलमध्ये कधीच लिहू नये. ओळख पटवायला पोर्टलचं लॉगिन पुरतं.

आयपी ऑफिसच्या ब्रॉडबँडचा, स्थिर असलेला दिला. मोबाइलच्या डेटावर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि तो बदलतही राहतो. तो दिला असता तर दुपारपर्यंत आपणच दाराबाहेर उभे.

मधल्या वेळात अण्णांनी दोनदा विचारलं, "आठवण करून देऊ का?" मी नको म्हटलं. काही हेल्पडेस्कवर तिकिटं शेवटच्या उत्तराच्या वेळेनुसार लावलेली असतात, आणि प्रत्येक आठवणीगणिक आपलं तिकीट मागे सरकतं.

११ वाजून ५ मिनिटांनी उत्तर आलं आणि त्यात स्पॅमच्या मेलच्या हेडरमधली हवी ती ओळ होती:

```
X-PHP-Originating-Script: 1042:cache-lib.php
```

ही ओळ पीएचपीच्या मेल फंक्शनमधून गेलेल्या मेलला लागते, सर्व्हरवर ती सोय चालू असेल तर. आकडा वापरकर्त्याचा, पुढे फाइलचं नाव. ऑफिसच्या मेल प्रोग्रामातून लॉगिन करून गेलेल्या मेलमध्ये ती नसते. दरपत्रकाचा प्रश्न तिथेच मिटला.

प्रवेश मिळाल्यावर पहिली आज्ञा ही दिली:

```
find wp-content/uploads -name "*.php"
```

अपलोडच्या फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असतात. तिथे पीएचपी फाइल दिसली की संशय घ्यावा, पण काही प्लगइन तिथे रिकामी `index.php` ठेवतात, म्हणून प्रत्येक फाइल उघडून पाहावी. `cache-lib.php` तिथेच होती. फाइलवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची दाखवत होती. ती तारीख सहज बदलता येते, तिच्यावर विसंबू नये. `stat` मधली `Change` ही वेळ खोटी करणं त्यापेक्षा बरंच अवघड असतं. तिथे २१ जानेवारी होता. त्या दिवशीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये एका जुन्या गॅलरी प्लगइनच्या पत्त्यावर `POST` विनंती सापडली. तो प्लगइन कित्येक महिने अद्ययावत केलेला नव्हता.

२१ जानेवारी कळला नसता तर आम्ही मोठी चूक केली असती. होस्टकडे रोजचे सात बॅकअप होते आणि दोन दिवसांपूर्वीचा परत टाकण्याची त्यांनी तयारीही दाखवली होती. फाइल तीन आठवडे आधीपासून तिथे असल्यामुळे त्या सातही बॅकअपमध्ये ती असणार होती. म्हणून हाताने साफ करायचं ठरवलं. फायलींची आणि लॉगची एक प्रत आधी उतरवून घेतली आणि मग मूळ वर्डप्रेस तपासलं:

```
wp core verify-checksums
```

`wp-includes` मधल्या एका फाइलसमोर `File should not exist` असा इशारा आला. म्हणजे मागचा दुसरा दरवाजाही होता. ही आज्ञा `wp-content` तपासत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर सगळं स्वच्छ आहे असं धरू नये. वर्डप्रेसच्या फायली नव्याने वरून टाकल्या, तरी उपऱ्या फायली आपोआप जात नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. दोन्ही फायली आणि गॅलरी प्लगइन काढला. बाकीचे प्लगइन नव्या प्रतींनी बदलले. अ‍ॅडमिनच्या यादीत एक अनोळखी नाव होतं, ते काढलं. डेटाबेसचा, मेल पेट्यांचा आणि सीपॅनेलचा पासवर्ड बदलला. लॉगिनच्या गुप्त किल्ल्या बदलणारी `wp config shuffle-salts` ही आज्ञा चालवल्यावर आधी लॉगिन झालेले सगळे बाहेर पडले. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, म्हणजे क्रॉनमध्ये, काही नव्हतं.

त्याच तिकिटात दुसरं उत्तर सहा ओळींचं दिलं: कुठल्या दोन फायली, कधी आल्या, कुठल्या वाटेने आल्या, काय काढलं, काय बदललं, आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही असा नियम लावला आहे. दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी साइट उघडली. रांगेतले मेल त्यांनी आधी पुसले होते. ते राहिले असते तर खातं उघडताच उरलेला स्पॅम बाहेर पडला असता आणि संध्याकाळी पुन्हा तेच पान दिसलं असतं.

अण्णांना मी तेवढ्यातच पोर्टल उघडायला लावलं आणि संपर्काचा ईमेल बदलून घेतला. आता तिथे दोन पत्ते आहेत आणि दोन्ही या डोमेनच्या बाहेरचे.