साच्यातून आलेली फरशी दीड सेंटिमीटरने लहान निघाली

मी नाशिकला मातीकाम करते. दोन वर्षांपूर्वी पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने आपल्या घराण्याच्या लहान विटांच्या देवळासाठी काही कोरीव फरश्या करून देता येतील का, असे विचारले. देऊळ पुरातत्त्व विभागाच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत नाही, याची आधी खात्री करून घेतली, कारण तसे असते तर त्याला हात लावणे आमच्या अखत्यारीत नव्हते. त्यानंतर जवळच्या विष्णुपूरला चार दिवस राहिले आणि मल्ल राजांच्या काळातली १६४३ सालची श्यामराय व १६५५ सालची जोडबांगला ही देवळे सकाळ-संध्याकाळ पाहिली. याच गावात दलमादल नावाची मोठी तोफ आहे. बर्गी चालून आले तेव्हा मदनमोहन या देवाने स्वतः ती उडवली, अशी कथा तिथे सांगतात. बर्गी म्हणजे आपले मराठेच, त्यामुळे नाशिकहून आले म्हटल्यावर मला ती दोनदा ऐकावी लागली.

या देवळांत दगड जवळपास नाही. भिंत विटांची असते आणि तिच्या दर्शनी बाजूवर भाजलेल्या मातीच्या कोरीव फरश्या चुन्यात बसवलेल्या असतात. आमच्या देवळात वरच्या ओळींतल्या फरश्या शाबूत होत्या आणि सगळे नुकसान जमिनीपासून साधारण कमरेइतक्या उंचीपर्यंत होते. पायातून वर चढणारी ओल तिथपर्यंत पोहोचून वाळते, पाण्यातला खार पृष्ठभागाच्या लगेच आत स्फटिक होऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. बोट फिरवले की पांढरी भुकटी आणि लाल पीठ एकदमच हाताला लागे. त्यात मागे कधीतरी कुणी सांध्यांत सिमेंट भरलेले होते. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडू शकते. सिमेंटमधून ती फारशी पडत नाही, म्हणून ती शेजारच्या मऊ फरशीतून बाहेर पडते आणि तिलाच खाते. सर्वांत वाईट झालेल्या फरश्या बरोबर त्या सिमेंटच्या कडेला होत्या, हे पाहिल्यावर कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही.

एका पट्टीत तेच कमळ आणि तीच वेल पुन्हा पुन्हा आलेली होती व त्यातल्या पाच फरश्या पार गेलेल्या होत्या. शेजारची चांगली फरशी समोर असल्यामुळे मला वाटले, तिच्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यावा, माती दाबावी आणि काम उरकावे. सुटून पडलेल्या एका शाबूत तुकड्यावरून साचा घेतला, तिथलीच माती गोणीत भरून नाशिकला आणली आणि फरशी माझ्या विजेच्या भट्टीत ९५० अंशांना भाजली. मूळ फरशी १८.४ सेंटिमीटर रुंद होती आणि माझी १६.९ निघाली.

चूक शिकाऊ माणसाची होती. माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते, हे मी रोज पाहते. पण मूळ फरशी आकसून झालेली आहे आणि तिचा साचा म्हणजे आकसलेल्या मापाचा साचा, हे त्या वेळी डोक्यात आले नाही. मग ओल्या मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ मारली. वाळल्यावर ती ९.४ झाली आणि भाजल्यावर ९.२, म्हणजे एकूण आठ टक्के घट. नुसते माप वाढवूनही भागत नाही, कारण साच्यातून निघालेले कमळ गुळगुळीत आणि मेलेले दिसत होते. जुन्या कारागिराने पाकळीची कड आतून कापलेली होती, आणि तशी कड साच्यातून अखंड सुटत नाही.

दुसरा दोष त्याहून महत्त्वाचा होता. देवळाचा एक पडका तुकडा कोरडा ४१० ग्रॅम भरला, चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर ४८४. म्हणजे तो अठरा टक्के पाणी पीत होता, आणि माझी फरशी जेमतेम दहा. अशी कडक फरशी मऊ फरश्यांच्या मध्ये बसवली तर ती स्वतः टिकेल, पण ओल आणि खार शेजाऱ्यांवर ढकलेल. सिमेंटने केले तेच ती सावकाश करील.

दुसऱ्या खेपेला पांचमुडा गावातल्या एका वयस्कर कुंभाराकडे राहिले. तिथली लाकडावरची भट्टी माझ्या भट्टीपेक्षा बरीच मंद भाजते. मातीत बारीक वाळू मिसळली, पुन्हा रेघेची पट्टी भाजली आणि घट सात टक्के आली, तेव्हा १८.४ ला ०.९३ ने भागून ओली फरशी १९.८ सेंटिमीटरची कापली. बाह्यरेषा साच्याने न उठवता छिद्रांच्या कागदातून कोळशाची पूड झटकून उमटवली. माती नखाने दाबली तर खूण उठते पण बोटाला चिकटत नाही, इतकी घट्ट झाली की कोरायला घेतली. ही अवस्था सावलीत, ओल्या फडक्याखाली फार तर दीड दिवस मिळते. त्याआधी कोरले तर कडा ओघळतात, नंतर कोरले तर ठिकऱ्या उडतात. जिथे जाडी जास्त होती तिथे मागून माती खरवडून पोकळ केली, म्हणजे सगळी फरशी सारखी वाळते.

पहिल्या भट्टीत सातपैकी एक फरशी फुटली. मधल्या भागातली ओल गेली नव्हती आणि मी घाई केली होती. “काका, वरून तर कोरडी होती,” मी म्हणाले. त्यांनी दुसरी, अजून न भाजलेली फरशी माझ्या गालाला लावली आणि विचारले, “गार लागते ना? मग आत पाणी आहे.” पुढच्या खेपेला पहिले काही तास नुसत्या धुरावर ठेवून भट्टी अगदी हळू चढवली.

उरलेल्या सहांपैकी दोन फरश्यांवर तीन आठवड्यांनी वाटाण्याएवढे खड्डे पडले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. मातीतले चुनखडीचे कण भट्टीत भाजून चुना होतात, पुढे हवेतली ओल पिऊन फुगतात आणि वरचा भाग उडवतात. तेव्हापासून माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळली, आणि भट्टीतून काढलेली प्रत्येक फरशी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवली. काही उडायचे असेल तर ते माझ्या अंगणात उडावे, देवळाच्या भिंतीवर नको.

बसवण्याआधी सिमेंट छिन्नीने अतिशय सावकाश काढले. याला फरश्या करण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मग ओल्या कागदाच्या लगद्याचे थर भिंतीला लावून, वाळले की काढून, खार ओढून घेतला, तीन वेळा. मळलेला चुना आणि दुप्पट सुरखी, म्हणजे विटांची पूड, असा मसाला केला, वीट व फरशी दोन्ही भिजवून घेतल्या आणि पाच फरश्या बसवल्या. प्रत्येकीच्या मागे साल कोरले आहे, म्हणजे पुढे काढणाऱ्याला नवी कोणती ते कळेल.

मालकांशी एकाच गोष्टीवर मतभेद झाला. एका चौकटीत बासरीवाल्या कृष्णाचे नुसते पाय उरलेले होते आणि त्यांना पूर्ण मूर्ती हवी होती. कमळाचा पुरावा शेजारच्या फरशीत होता, पण या चेहऱ्याचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून मी नकार दिला. ते पाय चुन्याच्या पातळ पाण्याने घट्ट केले आणि वरच्या रिकाम्या जागेत कडेची नक्षी असलेली साधी फरशी बसवली. ते अजून नाराज आहेत.

पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात पुन्हा जाऊन पाहिले. पांढरी भुकटी आली होतीच, पण बहुतेक चुन्याच्या सांध्यांवर आणि थोडी नव्या कमळांवर. जुन्या फरश्यांवर बोट फिरवले तर ते लाल झाले नाही. सांधे मऊ ब्रशने कोरडेच झाडून घेतले. दोन ठिकाणी मसाला भुसभुशीत झाला आहे, तो या हिवाळ्यात काढून पुन्हा भरायचा आहे.