पुणे ते सासवड: माउलींच्या वाटेवरची चाल

वारीला वेळापत्रक आहे आणि त्याच्या शेवटच्या टोकाला एकादशी आहे. ती कुणासाठी थांबत नाही. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचलीच पाहिजे. वाट अडीचशे किलोमीटरची. घरी बसून भागाकार केला की रोजचे पंधराच किलोमीटर येतात, आणि बरेच जण याच हिशेबावर बॅग भरतात. हा हिशेब फसवा आहे. पहिल्या संध्याकाळी पालखी आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते, पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन रात्री. लोणंदला तिथीची घट-वाढ पाहून कधी एक मुक्काम, कधी दोन. हे सगळं वजा केलं की प्रत्यक्ष चालायचे दिवस चौदाच उरतात. त्यातही वाल्हे आणि तरडगावचे टप्पे छोटे, म्हणजे त्यांचा भार बाकीच्या दिवसांवर पडतो.

सर्वांत मोठा बोजा पडतो तो पुणे-सासवडच्या दिवशी. बत्तीस किलोमीटर, मध्ये दिवेघाट, आणि वर एकादशी. पुण्यातून निघायचा दिवस बहुतेक वेळा ज्येष्ठ वद्य एकादशीचाच असतो, त्यामुळे अख्ख्या वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा उपवासावर चालायचा असतो. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, केळी, राजगिरा. ज्याला चाल समजून घ्यायची आहे त्याने हा एक दिवस नीट पाहावा. पुढचं सगळं त्यातच आलं.

मी रथामागच्या एका दिंडीत चालतो, नंबर शंभराच्या पुढचा. पालखी सकाळी सहाच्या सुमाराला भवानी पेठेतून हलते. पण आम्ही रथामागे इतके लांब की रथ हलल्यावर आमचं पाऊल उचलायला बराच वेळ जातो. शिंदे छत्रीपाशी आरती, मग हडपसरचा विसावा. हे पहिले नऊ-दहा किलोमीटर शहरातले. दोन्ही बाजूंनी माणूस, कुणी बिस्किटं वाटतंय, कुणी पाया पडतंय, कुणी मोबाईल समोर धरून आडवंच येतंय. इथे ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या वर चाल जातच नाही. हडपसरहून आम्ही हलेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. म्हणजे चार तास खर्चून बत्तीसातले फक्त नऊ-दहा पदरात पडले.

आता उरलेला हिशेब मांडा. सासवडला साडेसात-आठपर्यंत पोचायचं तर हातात दहाएक तास राहतात. त्यातून वडकी नाल्याची दुपारची विश्रांती गेली, घाट चढून गेल्यावर झेंडेवाडीचा विसावा गेला, मध्ये रथ थांबला की थांबणं गेलं. खरं चालायला सहा-सात तास मिळतात, वाट बावीस-तेवीस किलोमीटरची, आणि त्यातला चार किलोमीटर चढ. घाटात ताशी तीनच्या वर दिंडी जात नाही, म्हणजे सपाटीवर जिथे रस्ता मोकळा मिळेल तिथे साडेचार-पाचने चालल्याशिवाय गणित जुळत नाही. दिवसाची सरासरी पाहिली तर ती ताशी अडीचच्या आत येते. सरासरीवर विसंबून जो डुलत डुलत निघाला तो हडपसर-वडकी पट्ट्यातच दिंडीच्या मागे पडतो.

पाचची चाल म्हणजे किती हे पायाला कळावं लागतं. फोन खिशातून काढून बघत बसायला तिथे सवड नसते. रस्त्याच्या कडेला दोनशे मीटरवर छोटे दगड असतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत अडीच मिनिटं लागली तर चाल पाचच्या जवळ आहे. साडेतीन मिनिटं लागत असतील तर आपण साडेतीनने चाललोय. घड्याळ नको असेल तर पावलं मोजा: मध्यम उंचीच्या माणसाचं पाऊल पासष्ट-सत्तर सेंटीमीटर धरलं तर मिनिटाला एकशेवीसच्या आसपास पावलं पडायला हवीत. टाळाच्या ठेक्यावर हे आपोआप होतं. संथ चालीचा अभंग लागला की दिंडी रेंगाळते. आमचे विणेकरी जाणते आहेत. पुढे अंतर पडलंय असं दिसलं की ते ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ धरतात आणि मृदंगवाला लय चढवतो. कुणी ‘चला चला’ म्हणून ओरडत नाही, पण चार-चारच्या ओळीतली सगळी पावलं एकदम झपझप पडू लागतात.

रथामागच्या दिंड्यांना चालीचा एक वेगळाच जाच आहे. पुढे रथ दोन मिनिटं थांबला तर ती थांबण्याची लाट मागे सरकत येते आणि आमच्यापर्यंत येईतो दहा मिनिटांची होते. मग पुढची दिंडी सुटते, मध्ये शंभर-दीडशे मीटरची मोकळी जागा पडते, आणि ती भरून काढायला पळावं लागतं. मालगाडी सुटताना एकेका डब्याला झटका बसत मागे जातो ना, तसंच. पुढच्या दिंड्या तीनने चाललेल्या असताना मागच्या कधी शून्याने तर कधी सहाने चालत असतात. माझं स्पष्ट मत आहे की पाय मोडतात ते अंतराने नाही, या थांब-पळने. मोकळे वारकरी पहाटे तीनलाच निघून स्वतःच्या एकसारख्या चालीने दुपारपर्यंत सासवड गाठतात आणि संध्याकाळी ताजेतवाने दिसतात. आम्ही तेवढंच अंतर चाललेलो असतो. अर्थात त्यांच्या वाट्याला दिंडीतलं भजन येत नाही, हाही हिशेबच आहे.

एका वर्षी आमच्यात एक तरुण पोरगा होता, पुण्यात नोकरी करणारा, मॅरेथॉनची पदकं असलेला. हडपसरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की तो लांब लांब ढांगा टाकायचा. वडकीला बसला तेव्हा नडगीच्या पुढच्या बाजूला हात फिरवत होता. बोटाने दाबलं की हाडाच्या कडेने कळ येत होती. पोटरी दुखली तर रात्री चोळून, पाय उंचावर ठेवून सकाळपर्यंत उतार पडतो. नडगीचं तसं नाही, त्याच ढांगेने चालत राहिलं तर रोज वाढतच जातं. शेजारी केळं सोलत बसलेले आबा (वय सत्तरीच्या पुढे, पायात साध्या चपला) त्याला म्हणाले, “माउली, ढांग कशापायी टाकता? पाऊल बारीक टाका, पर भराभरा टाका. टाच आपटली का नडगी बोलती.” आबांनी सांगितलं ते शास्त्राच्या बाजूनेही बरोबरच होतं. वेग वाढवायचे दोन मार्ग, पाऊल लांबवणं किंवा पावलांची संख्या वाढवणं. लांबवलेलं पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, टाच जोरात आपटते आणि प्रत्येक वेळी पंजा सावरताना नडगीचे स्नायू ताणले जातात. दिवसाला चाळीस-पन्नास हजार वेळा हे झालं की दुसरं काय होणार? पोराने पाऊल आखडलं. घाटात तर त्याला आबांच्या मागेच चालायला लावलं.

घाटातली चाल वेगळीच. रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्यामुळे सगळं आधीच संथ झालेलं असतं. चढावर पाऊल सपाटीपेक्षा निम्मं करायचं, पूर्ण तळवा टेकवायचा आणि श्वास इतकाच चढू द्यायचा की अभंगाचं चरण म्हणता येईल. चरण अर्ध्यावर तुटायला लागलं की आपण जास्त जोर करतोय हे ओळखावं. बरेच नवखे वारकरी खालच्या दोन वळणांतच जोर लावतात आणि अर्ध्या घाटात कठड्याला टेकून बसलेले दिसतात. तोंड कोरडं, डोकं जड, घाम येऊन मग एकदम थांबलेला. उपवासाच्या दिवशी मीठ पोटात कमी जातं, नुसतं पाणी ढोसलं जातं, त्यानेही हे होतं. उपवासाला चालतं ते सैंधव आणि साखर पाण्यात घालून बाटली जवळ ठेवावी, आणि तहान लागायची वाट न बघता विसाव्या-विसाव्याला प्यावी.

घाटमाथ्यावर पाच वाजतात. झेंडेवाडीहून सासवड सात-आठ किलोमीटर, जवळपास सपाट, आणि फोडांचा त्रास खरा सुरू होतो तो इथे. घाटात पाऊस आला असेल तर मोजे ओले असतात आणि ओल्या कातडीवर पाचची चाल म्हणजे फोड ठरलेलाच. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. थांबायचं असतं ते तेव्हा: मोजा बदलायचा, व्हॅसलीन चोळायचं, कापडी पट्टी लावायची, आणि दिंडी पुढे गेली तर जाऊ द्यायची. दहा मिनिटांत पडलेलं अंतर पुढच्या थांब्याला भरून निघतं. दिंडीत सुई-दोरा फोडातून ओवून ठेवायची जुनी रीत आहे. पाणी निघतं खरं, पण रस्त्यावरच्या चिखलात तो दोरा घाण आत नेतो. फोड शक्य तो फोडू नये, आणि वरची कातडी तर मुळीच काढू नये.

रात्री तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात टाळ-मृदंग थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि आजच्या स्वरूपातला सोहळा त्यांनी १८३२ साली सुरू केला असं मानतात. रोजचे विसावे कुठे, नैवेद्य कुठे, मुक्काम कुठे हे त्या वळणावर बांधलेलं आहे. सासवडला दोन रात्री ठेवल्यात त्याचं मोल दुसऱ्या दिवशी तळावर नजर टाकली तरी कळतं: अर्धा तळ पाय उंचावर टाकून पडलेला असतो.

पुढे फलटणपासून भंडीशेगावपर्यंत विश्रांतीचा दिवस बहुधा मिळत नाही आणि रोज अठरा ते एकवीस किलोमीटर पडतात. एकेकटा टप्पा सासवडएवढा नाही, पण सलग आहेत. मधे रिंगणं आहेत, त्यांत तास-दोन तास जातात आणि पाय दमतात ते वेगळेच. वेळापूरच्या आधी धाव्याला तर सगळी दिंडी उतारावरून पळत सुटते. पायांची ठेव तोवर कुणी उधळली आणि कुणी राखली ते तिथे दिसतं. तो मॅरेथॉनवाला पोरगा धाव्यात आबांच्या बरोबरीने पळाला.

वाखरीहून पंढरपूर ही वाट या सगळ्यात कमी अंतराच्या टप्प्यांपैकी एक, पण सगळ्या संतांच्या पालख्या पुढे गेल्यावर शेवटी माउली निघतात. दुपारी पाऊल उचललं तरी गावात शिरायला अंधार पडतो. तिथे दोनशे मीटरला कधी पंधरा मिनिटंही लागतात. पाचची चाल असलेल्याला हे फार जड जातं; कंबर धरते, तळवे आग-आग होतात. म्हणून त्या दिवशी पुढची दिंडी थांबली की आमचे लोक जागच्या जागी पावली खेळतात. उभं राहून पाय आखडण्यापेक्षा ते बरं.