पाडव्याला दिलेला राजीनामा

मामेभावाने, म्हणजे दादाने, कोल्हापूरजवळ शिरोलीत कास्टिंगच्या मशिनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तेव्हा तो, वहिनी आणि मी असे तीन डायरेक्टर झालो. मी राजारामपुरीत कॉमर्सचे क्लासेस घेते. कारखान्यात सहा वर्षांत चारपाच वेळा गेले असेन, तेही खंडेनवमीला. पगार नाही, चेकवर सहीचा अधिकार नाही, फक्त वर्षातून एकदा ताळेबंदावर सही. कायद्याच्या भाषेत अगदी साधी डायरेक्टर.

2024 च्या पाडव्याला, 9 एप्रिलला, पुरणपोळीचं जेवण झाल्यावर मी राजीनाम्याचं पत्र दादाच्या हातात दिलं. त्याने ते घडी करून खिशात घातलं. "घरचीच कंपनी हाय, एवढी घाई कसली? बघतो," म्हणाला. मी मोकळी झाले असं धरून चालले.

जूनच्या सुरुवातीला सहज एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं, तर डायरेक्टरांच्या यादीत मी होतेच. शाहूपुरीतल्या एका सीएंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पत्र पोचल्याची पावती कुठाय?" पावती नव्हती. पत्राची कॉपीही मी ठेवली नव्हती.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की राजीनामा मंजूर व्हावा लागत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 168 प्रमाणे संचालक मंडळाने त्याची फक्त नोंद घ्यायची असते. दादाचं "बघतो" कायद्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. राजीनामा लागू होतो तो पत्र कंपनीला मिळालं त्या तारखेला किंवा पत्रात लिहिलेल्या तारखेला, यातली जी नंतरची असेल तिला. तत्त्वतः पाडव्यालाच मी सुटले होते असं म्हणता आलं असतं, पण जेवणाच्या पाटावर दिलेला कागद कंपनीला मिळाला हे सिद्ध कशाने करायचं?

एका नातेवाइकाने सुचवलं, "मागची 31 मार्च तारीख टाकून दे की." त्याचा काही उपयोग नव्हता. पत्रात 31 मार्च लिहिली तरी ते कंपनीला जूनमध्येच मिळणार, आणि नंतरची तारीख तीच.

मग दुसरं पत्र लिहिलं. 12 जूनला ते कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवलं आणि तेच स्कॅन करून पोर्टलवर कंपनीच्या नावापुढे दिसणाऱ्या ई-मेलवरही. पोस्टाने ते 14 जूनला पोचलं. पत्रात मात्र मी लिहून बसले, "30 जूनच्या कामकाजानंतर". महिना आणि तिमाही संपते, हिशेब सुटसुटीत राहील, हा मास्तरकीचा सोस. त्यामुळे आणखी दोन आठवडे मी आपण होऊन डायरेक्टर राहिले. "तात्काळ" लिहिलं असतं तर पत्र पोचलं तेव्हाच सुटले असते.

यानंतर दोन फॉर्म असतात. DIR-12 कंपनीने भरायचा, पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत, म्हणजे आमच्या बाबतीत 14 जुलैपर्यंत. पोर्टलवरच्या यादीतून नाव निघतं ते याच फॉर्मने. DIR-11 राजीनामा देणाऱ्याने स्वतः भरायचा, राजीनाम्यापासून 30 दिवसांत. 2018 पासून तो ऐच्छिक आहे, त्यामुळे बरेच सीए "कशाला खर्च?" म्हणतात. माझ्या मते कंपनीत आधीच कुरबूर असेल तर तो ऐच्छिक समजूच नये. कंपनीने काही केलं नाही तरी तुम्ही कधी आणि का बाहेर पडलात याची सरकारदरबारी नोंद होते, ती याच एका कागदाने.

भरायला बसलो आणि फॉर्म अडला. माझा डिन, म्हणजे डायरेक्टरचा सरकारी ओळख क्रमांक, निष्क्रिय होता. आदल्या सप्टेंबरअखेर DIR-3 KYC, म्हणजे डायरेक्टरची ओळखपडताळणी, करायचं राहिलं होतं, कारण ते दरवर्षी दादाच्या ऑफिसमधला मुलगा करायचा. 5000 रुपये विलंब शुल्क भरून डिन चालू करून घेतला, डीएससी, म्हणजे डिजिटल सही, नवी घेतली. 8 जुलैला DIR-11 गेला, सोबत पत्र, स्पीड पोस्टची पावती आणि पोच. फॉर्मची फी 400 रुपये, कारण कंपनीचं भांडवल 10 लाखांचं. चलन आणि एसआरएन, म्हणजे फॉर्म भरल्याचा क्रमांक, मी लॅमिनेट करायच्या बेतात होते.

14 जुलै गेली, DIR-12 काही आला नाही. यादीत मी होतेच.

ऑगस्टअखेर एका माल पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस आली. कंपनीचे दोन चेक परत गेले होते, एक 20 जूनचा आणि दुसरा 25 जुलैचा. सही दोन्हींवर दादाची, पण यादी बघून आम्हा तिघांनाही नोटीस. आमच्या वकिलांनी दोन्ही चेक वेगळे केले. 25 जुलैच्या चेकला उत्तर सरळ होतं. त्या दिवशी मी डायरेक्टर नव्हते, हा DIR-11 आणि हे चलन. 20 जूनचा चेक वाचताना मात्र त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तीस तारीख कशाला लिहिली?"

त्या चेकसाठी वेगळा मुद्दा मांडावा लागला. चेक बाउन्सच्या गुन्ह्यात नुसती डायरेक्टर असणं पुरत नाही. त्या वेळी कंपनीच्या कारभाराची जबाबदारी तिच्यावर होती हे तक्रारीत यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये नीता भल्लांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. माझा पगार नाही, सहीचा अधिकार नाही, रोजच्या व्यवहारात हात नाही, हे कागदांनिशी दाखवलं. पुढे तक्रार दाखल झाली तिच्यात माझं नाव नव्हतं.

नोटीस आली तशी मी पुण्याच्या आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकांकडे, DIR-11 ची प्रत जोडून लेखी तक्रारही केली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीने एकदाचा DIR-12 भरला. उशीर 90 दिवसांच्या वर गेलेला, म्हणून 400 च्या फीवर दहापट जादा शुल्क. 4400 रुपये गेले ते कंपनीचे, पण वहिनी आजही ते माझ्या खात्यावर मांडते.

नाव निघालं तरी मागचं पुसलं जात नाही. माझ्या कार्यकाळात कंपनीकडून काही गुन्हा घडला असेल तर राजीनाम्यानंतरही मी जबाबदार आहे, हे त्याच कलम 168 मध्ये लिहिलेलं आहे. प्रायव्हेट कंपनीचा आयकर कंपनीकडून वसूल होत नसेल, तर त्या वर्षीच्या डायरेक्टरांकडून मागता येतो. वसुली न होण्याला आपला गंभीर हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन कारण नाही, हे डायरेक्टरनेच दाखवायचं. म्हणून सहाही वर्षांचे ताळेबंद आणि रिटर्नच्या प्रती मी मागून घेतल्या. शेअर्सही माझ्याकडेच आहेत. राजीनाम्याने डायरेक्टरपद जातं, भागधारक मी राहिलेच.

खरी गाठ बँकेत आहे. 25 लाखांच्या कॅश क्रेडिटला माझी वैयक्तिक गॅरंटी होती. DIR-12 घेऊन गेले तर मॅनेजर शांतपणे म्हणाले, "राजीनामा कंपनीचा दिलात, गॅरंटी तुमची आहे." दुसरा जामीनदार किंवा जादा तारण आल्याशिवाय बँक सोडायला तयार नाही. यापुढच्या उचलीला मी जबाबदार नाही असं पत्र मी देऊन ठेवलं आहे, या वेळी आवक शिक्का घेऊन. पण गॅरंटीच्या करारात बँकेच्या बाजूची बरीच कलमं आहेत आणि तोवरची बाकी तर माझ्या मानेवर आहेच. दादाने मेहुण्याला जामीनदार म्हणून उभा करायचं कबूल केलंय. विचारलं की म्हणतो, "बघतो."