चौघांचा प्रकल्प, एकीचा सीव्ही

परदेशी मास्टर्सच्या अर्जातल्या बाकी गोष्टींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. आयईएल्टीएस झाली, जर्मनीसाठी लागणारं एपीएसचं प्रमाणपत्र आलं, पासपोर्ट होताच. मी अडकले ती दोन पानांच्या सीव्हीत, आणि त्यातही ‘संशोधन’ या शीर्षकाखालच्या चार ओळींत. त्या चार ओळींसाठी डिपार्टमेंटच्या ऑफिससमोरच्या बाकावर मी जितका वेळ घालवला, तितक्यात आख्खा प्रकल्प पुन्हा करून झाला असता.

मी सिव्हिलची. अर्ज केले जर्मनी आणि नेदरलँड्सला, पाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीसाठी. शेवटच्या वर्षी आमच्या चौघांच्या ग्रुपने शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळवण्याचा प्रकल्प केला होता. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कसं येतं ते वेगळं सांगायला नको. बियांची पूड पाण्यात भिजवून, गाळून तो अर्क वापरायचा आणि तुरटीशी तुलना करायची. त्यासाठी जार टेस्ट करतात. सहा बीकर ओळीने ठेवायचे, प्रत्येकात वेगळी मात्रा घालायची, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं हळू, अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. मोजमापं जवळजवळ सगळी मी केली, कारण लॅब असिस्टंटमामा माझ्या ओळखीचे होते आणि चार वाजल्यानंतरही कुलूप लावत नसत. बाकीच्यांनी बिया जमवल्या, मॉडेल बनवलं, रिपोर्ट टाइप केला. कुणी कामचुकार होतं असं अजिबात नाही.

आता सीव्हीत हे लिहायचं कसं? पहिल्या मसुद्यात सगळे लिहितात तेच होतं: ‘शेवग्याच्या बियांद्वारे जलशुद्धीकरण या विषयावर यशस्वी प्रकल्प, चार जणांच्या संघात काम.’ नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकणाऱ्या एका सीनियर ताईला पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: “यात तू कुठे आहेस?”

म्हणून ठरवलं की माझा वाटा लिहायचा, आणि लिहायचा तर त्याला कॉलेजचा कागद हवा. सीव्हीला कुणी पुरावा जोडायला सांगत नाही, पण जर्मन अर्जात सीव्हीतल्या अनेक नोंदींमागे प्रमाणपत्रं लावतात, आणि कागद असेल तर आपलाही हात मोकळेपणाने चालतो. ऑफिसातलं उत्तर: “फॉरमॅटमध्ये नाही.” फॉरमॅट म्हणजे चौघांची नावं, प्रकल्पाचं शीर्षक, ‘यशस्वीरीत्या पूर्ण केला’ आणि शिक्का. मी एचओडी सरांकडे गेले. “अगं, तुझं नाव आहे ना त्यात? झालं की मग. एकीला वेगळं दिलं तर उद्या सगळे रांगेत उभे राहतील.” राहू देत की, असं मनात म्हटलं. तोंडावर “हो सर” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. कधी सर मीटिंगला, कधी नॅकची कमिटी आलेली, कधी क्लार्क म्हणणार, अर्ज इनवर्ड करून आणा. इनवर्ड केला, तर तो कुठल्या फाइलमध्ये गेला ते कुणालाच माहीत नाही.

त्यात पेपरचं प्रकरण. आमच्याकडे प्रकल्पावर पेपर ‘पब्लिश’ करणं जवळपास सक्तीचं होतं. ज्या जर्नलमध्ये तो गेला, त्याने दोन दिवसांत स्वीकारला, एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवली नाही, फी घेतली आणि प्रत्येक लेखकाला रंगीत सर्टिफिकेट पाठवलं. लेखकांमध्ये पहिलं नाव एचओडी सरांचं, मग गाइड मॅडमचं, मग आम्ही चौघं आडनावाच्या वर्णक्रमाने. मी सगळ्यात शेवटी. असं जर्नल ओळखायला फार हुशारी लागत नाही. स्कोपस किंवा डीओएजे या जर्नलांच्या नावाजलेल्या याद्यांमध्ये ते सापडत नाही. वेबसाइटवर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ ठळक छापलेला असतो, पण तो कुणी दिला ते लिहिलेलं नसतं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेला असेल तर doi.org वर टाकून बघा, आमचा उघडलाच नाही. परदेशातल्या प्राध्यापकाला हे कळायला फारतर मिनिटभर लागेल.

तो पेपर गाळून टाकायचा असं मी ठरवलं होतं. पण सर शिफारसपत्र देणार होते आणि त्यात ‘हिचा आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर आहे’ हे वाक्य असणार, याबद्दल शंका नव्हती. पत्रात पेपर आहे आणि सीव्हीत नाही, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? शेवटी ‘प्रकाशने’ असा वेगळा मथळा ठेवलाच नाही. एका पेपरसाठी मथळा दिला की नजर थेट तिथेच जाते, आणि तिथे माझी सगळ्यात कच्ची वस्तू होती. प्रकल्पाच्या नोंदीतच शेवटी एक ओळ टाकली: सगळ्या लेखकांची नावं छापल्या क्रमाने, माझं ठळक, जर्नलचं नाव, वर्ष. खोटं काही नाही, मिरवणंही नाही. काही जण अशा वेळी फक्त स्वतःचं नाव लिहितात किंवा क्रम बदलतात. तसं करू नका, गुगल सगळ्यांकडे आहे.

वाट्याच्या कागदाचं कोडं मात्र ऑफिसने नाही, गाइड मॅडमनी सोडवलं. चांगली संशोधन जर्नलं लेखाच्या शेवटी कुणी काय केलं ते छापतात. त्यासाठी क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची ठरलेली यादी आहे: कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेमोड कुणी केली, पहिला मसुदा कुणाचा, असं. मॅडम म्हणाल्या, “लेटरहेड सोड. याच धर्तीवर एक पान तयार कर, चौघांच्या सह्या घे, खाली मी गाइड म्हणून सही करते.” एक मित्र पुण्यात, एक मैत्रीण हैदराबादला. सह्यांसाठी कागद फिरवला. मोजमापांचं रजिस्टर लॅबमध्येच होतं, तारखांसकट, माझ्या अक्षरात. त्याचे फोटो मामांनी काढून पाठवले.

त्यानंतर ती नोंद अशी झाली. सीव्ही इंग्रजीत होता, इथे मराठीत देते: ‘कृष्णा नदीच्या पावसाळी पाण्यावर (गढूळपणा सुमारे २०० एनटीयू) शेवगा-बी अर्क आणि तुरटी यांची जार टेस्टने तुलना. माझा वाटा: मात्रांची आखणी, जवळजवळ सर्व मोजमापे, आलेख. सर्वोत्तम मात्रेला शेवग्याने ९ एनटीयू, तुरटीने ३. शेवग्याने भारतीय मानकाची ५ एनटीयूची मर्यादा गाठली नाही. २४ तास साठवल्यावर पाण्याला वास.’

शेवटच्या वाक्यावरून घरात वाद झाला. बाबा म्हणाले, “फसलेलं कशाला लिहितेस?” मी ठेवलं. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन मुलाखतीत बहुतेक वेळ त्या वासावरच गेला. बियांतलं प्रथिन गाळाचे कण एकत्र आणतं, पण अर्काबरोबर बाकीचे सेंद्रिय पदार्थही पाण्यात उतरतात आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. प्रथिन वेगळं काढून वापरलं तर त्रास कमी होतो, पण मग ‘गावात स्वस्तात करता येईल’ हा मुद्दा उरतो का, असं त्यांनी विचारलं. ९ ऐवजी नुसतं ‘उत्तम निकाल’ लिहिलं असतं तर विचारायला काय होतं?

शिक्षणाच्या भागाबद्दल एवढंच. दहावीचे टक्के, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काढून टाका, तो बायोडेटा नाही. सीजीपीए आहे तसा लिहा, १० पैकी ८.२. स्वतः जर्मन श्रेणीत बदलून लिहू नका, ते काम त्यांचं. त्यांचं सूत्र असं: कमाल गुणांतून आपले वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्णने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. किमान उत्तीर्ण ४ धरले तर माझे १.९ येतात, ५ धरले तर २.०८. (तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला.) म्हणून ट्रान्सक्रिप्टच्या मागे किमान उत्तीर्ण श्रेणी छापली आहे का, तेवढं आधी बघून घ्या. आणि ‘एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग-एक’ अशा विषयनावातून कुणाला काही कळत नाही. मी अर्जाशी जुळणारे पाचच विषय घेतले आणि प्रत्येकापुढे अर्धी ओळ लिहिली, जसं की ‘जलशुद्धीकरण केंद्राचा आराखडा, प्रयोगशाळेसह’.

नेतृत्वाच्या भागात माझ्याकडे गॅदरिंगचं सांस्कृतिक सचिवपद होतं आणि एनएसएसचं शिबिर. आईचा जीव सचिवपदात, फोटो पेपरात आला होता ना! पण जत तालुक्यातल्या सात दिवसांच्या शिबिरात मी सहा जणांच्या गटाकडून गावातल्या चौदा विहिरींचं पाणी तपासून घेतलं होतं आणि निकालाचा तक्ता ग्रामपंचायतीत लावला होता. ते वर घेतलं, तीन ओळी दिल्या. सचिवपदाला अर्धी ओळ उरली. किती जण, काय काम, हातात काय आलं, हे सांगता येत नसेल तर पद कितीही मोठं असो, त्या ओळीतून काही मिळत नाही.

हो, एक राहिलं. जर्मन पद्धतीच्या सीव्हीत तारखा सलग लागतात, महिना आणि वर्षासकट. पदवीनंतर मी मिरजेत एका कंत्राटदाराकडे साइटवर होते. ते ‘संशोधन नाही’ म्हणून गाळणार होते, पण मग वर्षभराचं भोक दिसलं असतं. तीही नोंद टाकली: ड्रेनेज लाइनचे उतार तपासणं, रोजची मोजमापं, बिलाची पडताळणी. फोटो लावला नाही, कुणी मागितलाही नाही. युरोपास हा सीव्हीचा तयार युरोपीय साचा जिथे मागतात तिथेच वापरा. डाड या जर्मन संस्थेच्या ईपॉस शिष्यवृत्तीला तो लागतो, तोही हाताने सही केलेला, पण तिला पदवीनंतरचा दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, म्हणून माझा प्रश्न मिटला. इतरत्र त्या साच्यात भाषांच्या तक्त्यांनीच बरीच जागा खाल्ली जाते.

कॉलेज अजून तेच प्रमाणपत्र देतं. इनवर्ड केलेल्या माझ्या अर्जाचं उत्तर आलेलं नाही. आत्ता शेवटच्या वर्षाला असाल तर कोण काय करतंय त्याचं एक पान रिपोर्ट बाइंडिंगला जायच्या आधीच त्यात घाला, चौघांच्या आणि गाइडच्या सह्यांसकट. एकदा सबमिशन झालं की ग्रुपमधले चौघं पुन्हा एका टेबलाशी येत नाहीत, आणि सह्यांसाठी कुरिअरचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.